हात लावू नये? चाळीसगावचं एक घर आणि बोटांनी बघायचे फोटो

आजचा विषय जरा गमतीशीर आहे, कारण तो फोटोंचा आहे आणि आपल्या पॉडकास्टला चित्र नाही. म्हणजे पुढची काही मिनिटं तुम्ही आणि ज्याला अजिबात दिसत नाही असा आपला एखादा श्रोता, दोघं एकाच बाकावर बसलेले आहात. फोटोबद्दल मी जेवढं सांगेन तेवढंच तुमच्या हाती लागणार. चुकीच्या क्रमानं सांगितलं तर फोटोचा अर्धा जीव जाणार. आजच्या भागात नेमकं हेच बघायचंय, की क्रम का महत्त्वाचा असतो.

तर, जळगाव जिल्ह्यातलं चाळीसगाव. मुंबई-भुसावळ लाइनवरचं जंक्शन. इथूनच एक फाटा धुळ्याला जातो. स्टेशनच्या जवळ एक जुनं घर आहे, केकी मूस यांचं. १९१२ साली मुंबईत एका पारशी घरात जन्म, इंग्लंडमध्ये शेफील्डला कलेचं शिक्षण, आणि मग परत येऊन जवळपास ५० वर्षं याच घरात मुक्काम. १९८९ मध्ये ते गेले. या ५० वर्षांत ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. गावात विचाराल तर तुम्हाला आधी पंजाब मेलची गोष्ट ऐकायला मिळेल: प्रेयसी त्या गाडीनं येणार होती, म्हणून रोज गाडीच्या वेळेला ते दारं-खिडक्या उघडून वाट बघायचे. गोष्ट गोड आहे, खरी किती ते सोडा. माझी तक्रार एवढीच की या गोष्टीपुढे माणसाचं काम झाकून जातं.

काम म्हणजे काय? चित्रं, शिल्पं, लाकडातलं आणि मातीतलं काम, आणि सगळ्यात गाजलेले त्यांचे 'टेबलटॉप' फोटो. आता घराबाहेर न पडणारा माणूस निसर्गाचे फोटो कसे काढणार? तो निसर्ग टेबलावर आणणार. टेबलटॉप म्हणजे हेच. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, दिवा अशा कोनातून टाकायचा आणि कॅमेरा अशा जागी ठेवायचा, की बघणाऱ्याला ते खरोखरचं दृश्य वाटावं. या प्रकारात जगभर मिठाचा बर्फ झालाय, आरशाचं तळं झालंय, काटक्यांचं रान झालंय. बघणारा आधी फसतो, मग जवळ जातो, मग हसतो. फोटोचा सगळा खेळ या तीन पायऱ्यांत आहे.

आज हे घर मूस यांचं छोटं कलासंग्रहालय आहे. समजा, उद्या धुळ्याहून गाडीनं पाच-सहा अंध मुलं-मुली इथे आली. त्यांना हा खेळ कसा खेळता येईल? भिंतीवरच्या काचेवर हात फिरवून काहीच कळणार नाही. 'हा खूप सुंदर फोटो आहे बरं का' असं सांगून तर त्याहून कमी कळेल. अशी फेरी आखायची झाली तर काय काय करावं लागेल, याचा आराखडा आज आपण मांडून बघू. आराखडा माझा आहे. तिथे असं काही चालू आहे असा माझा दावा नाही.

पण त्याआधी थोडा इतिहास, कारण 'हात लावू नये' ही पाटी आपण समजतो तितकी जुनी नाही. ऑक्सफर्डचं ॲशमोलियन म्युझियम १६८३ साली उघडलं. तिथे लोक वस्तू हातात घेऊन, वजन करून, कधी नाकाला लावून बघायचे. १७१० मध्ये तिथे गेलेल्या उफेनबाख नावाच्या जर्मन प्रवाशानं तर वैतागून लिहून ठेवलंय की इथे येणारी माणसं वाट्टेल त्या वस्तूला हात घालतात. म्हणजे त्या काळी हात लावणं हीच बघण्याची रीत होती. पुढे एकोणिसाव्या शतकात म्युझियमं सगळ्यांसाठी खुली झाली, गर्दी वाढली, आणि वस्तू काचेआड गेल्या. वस्तू वाचवायच्या तर ते बरोबरच होतं. फक्त ज्यांचं बघणंच हातानं होतं, त्यांचा विचार त्या काचेनं केला नाही.

तो विचार इंग्लंडमधल्या संडरलँड या गावात झाला. तिथल्या म्युझियमचे प्रमुख चार्लटन डीस यांनी १९०६ पासून गावातल्या अंधशाळेच्या मुलांसाठी वस्तू हाताळायची सोय केली, आणि १९१३ मध्ये मोठ्यांसाठीही खास वेळ ठेवली. भुसा भरलेले प्राणी, सांगाडा, असं काय काय पोरांच्या हाती दिलं. डीस यांची सगळ्यात हुशारीची गोष्ट पुढची. वस्तू चाचपून झाली की मुलांना माती द्यायची आणि म्हणायचं, आता तुम्ही बनवा. मुलांनी जे बनवलं त्यावरून हाताला काय पोचलं आणि काय निसटलं ते उघड व्हायचं. ही परीक्षा मुलांची नव्हती, म्युझियमची होती. ही युक्ती लक्षात ठेवा, आपल्याला चाळीसगावात ती लागणार आहे.

आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये 'अनुभव' नावाचं दालन झालं. तिथे २२ वस्तूंच्या प्रतिकृती हात लावण्यासाठीच ठेवल्या, सोबत ब्रेल आणि ध्वनिवर्णन. पुढच्याच वर्षी आलेल्या दिव्यांग हक्क कायद्यात कला सगळ्यांच्या आवाक्यात आणण्याचं कलमही आहे. पण दिल्लीचं म्युझियम मोठं, पैसा मोठा. आपल्याला तीन-चार खोल्यांच्या घरात काम करायचंय.

पहिला प्रश्न: मूळ वस्तू हातात द्यायची की प्रतिकृती? उत्तर वस्तू कशाची आहे त्यावर ठरतं. आपल्या बोटांना घाम असतो, घामात मीठ आणि तेल. चकचकीत तांब्या-पितळेवर त्याचे डाग बसतात आणि राहतात. न भाजलेली किंवा चकाकी नसलेली माती ते तेल शोषून काळपट होते. जुना फोटो किंवा कागद असेल तर विषयच संपला, त्याला दिसणाऱ्यानंही हात लावायचा नाही. पण दगड बराच सोसतो. इथे धुळ्याची आठवण येते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहात दगडी मूर्ती आहेत. काळ्या दगडाची मूर्ती म्हणजे स्पर्श-फेरीसाठी सोन्यासारखी वस्तू. जड, हलत नाही, आणि कोरलेल्या कडा बोटाला स्पष्ट लागतात. तरी दगडही हजारो हातांनी गुळगुळीत होतो. देवळातला उंबरठा आठवा. म्हणून ज्या वस्तूला हात लावू द्यायचा, तिच्या त्याच दोन-तीन जागांचा फोटो दर तीन महिन्यांनी, त्याच उजेडात काढून ठेवायचा. झीज डोळ्यांना एका दिवसात कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की कळते.

हातमोजे द्यायचे का? सुती मोजे दिले की बोटं बहिरी होतात, आणि गुळगुळीत वस्तू सटकते ती वेगळीच. त्यापेक्षा अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढायला सांगा, साबणानं हात धुवून कोरडे करायला सांगा. सॅनिटायझर नको, त्यातलं अल्कोहोल लाकडाच्या पॉलिशला खातं.

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे, म्हणजे फोटोंकडे येऊ. सपाट फोटो बोटांपर्यंत न्यायचा नेहमीचा मार्ग म्हणजे उठावाचं चित्र. एक खास कागद मिळतो, त्यावर काळ्या रेषा छापून तो गरम यंत्रातून काढला की रेषा फुगून वर येतात. नकाशासाठी, भूमितीसाठी फार छान. पण फोटोच्या सगळ्या रेषा तशाच उठवल्या तर बोटाला काय लागतं? शेवयांचं ताट. डोळा एका झटक्यात सगळं बघतो आणि मग बारकाव्यात शिरतो. बोट उलटं चालतं. ते एका ठिकाणाहून सुरू होतं, तुकडा तुकडा गोळा करतं आणि शेवटी डोक्यात अख्खी वस्तू जोडतं. म्हणून उठावाच्या चित्रात कमी रेषा लागतात, दोन रेषांत बोटाला कळेल एवढी जागा लागते, आणि सावली, चमक यांना सरळ सुट्टी द्यावी लागते. टेबलटॉप फोटोतून सावली काढली तर उरलं काय? सावलीच तर त्याची जादू आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की इथे फोटो उठवायच्या फंदात पडूच नये. फोटोच्या मागे जावं. हा फोटो जन्मला टेबलावर, तर टेबलच परत मांडावं. निसर्गाच्या खऱ्या फोटोत हे शक्य नाही, सातपुडा काही खोलीत आणता येत नाही. पण टेबलटॉपमध्ये जे काही कॅमेऱ्यापुढे होतं ते सगळं हाताच्या मापाचंच होतं. माझ्या माहितीत फोटोग्राफीचा दुसरा कुठलाच प्रकार अंध माणसाला इतका जवळचा नाही.

एक नमुना घेऊन बघू. हा मूस यांचा अमुक एक फोटो नव्हे, त्या जातीचा एक काल्पनिक फोटो आहे: बर्फातलं रान. त्याचं टेबल असं मांडायचं. उंची साधारण ७५ सेंटिमीटर, म्हणजे खुर्चीवर बसलेल्याला आणि उभ्या असलेल्याला दोघांनाही हात पोचतो. वर एक पाट घट्ट बसवलेला, हलायला नको. हललं की माणूस घाबरून हात मागे घेतो, मग पुढचं काहीच चाचपत नाही. पाटावर पांढरी जमीन, त्यात रोवलेल्या तीन वाळक्या काड्या. पुढची उंच, मागच्या दोन आखूड. आणि पाटाच्या पुढच्या कडेवर उभी केलेली एक रिकामी लाकडी चौकट, आपल्या घरातल्या फोटो फ्रेमएवढी.

या चौकटीवर थोडं थांबतो, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. हात चौकटीतून आत घातला की जे लागतं ते फोटोत आहे. हात चौकटीबाहेरून नेला तर काय लागतं? टेबलाची कड, दिव्याचा दांडा, काडी टेकवायला लावलेला चिकणमातीचा गोळा. फोटो म्हणजे काय ठेवलं आणि काय बाहेर ठेवलं, ही गोष्ट आपण दिसणाऱ्यांनाही नीट समजावून सांगू शकत नाही. इथे ती कोपरापर्यंतच्या हाताला कळते.

दुसरी गोष्ट अंतराची. जन्मापासून न दिसणाऱ्या माणसाला 'लांबचं झाड लहान दिसतं' हे वाक्य ऐकून पाठ असतं, पण त्याचा अनुभव कुठून असणार? हाताला तर लांबचं झाड जवळ गेल्यावर तेवढंच मोठं लागतं. या पाटावर मात्र 'लांबची' झाडं खरोखरच आखूड काड्या आहेत, चार बोटं मागे रोवलेल्या. फोटोतलं एक मैल अंतर म्हणजे चार बोटं. डोळ्याला फसवायचं तर काय करावं लागतं, ते इथे बोटांना मोजता येतं.

आणि आता क्रम, ज्यापासून आपण सुरुवात केली. पाहुण्यांना आधी टेबलाशी नेलं तर सगळं फुकट. हाताला पहिल्याच क्षणी काड्या लागणार, मग फोटोत रान होतं हे नंतर कितीही सांगा, फसायची मजा गेली. दिसणारा आधी फसतो आणि मग हसतो, मग अंध पाहुण्यालाही आधी फसू द्या ना! म्हणून आधी आवाज, मग स्पर्श. आवाजात फोटो जसा दिसतो तसाच सांगायचा, काड्यांचा 'का'सुद्धा उच्चारायचा नाही. साधारण असा:

'काळा-पांढरा फोटो आहे. आडवा, दोन वीत रुंद, दीड वीत उंच. बर्फानं झाकलेलं रान दिसतं. खालच्या अर्ध्या भागात पांढरी मऊ जमीन. डावीकडे पानं गळालेली तीन झाडं. जवळचं झाड फोटोच्या वरच्या कडेला टेकतं, मागची दोन लहान होत जातात. प्रकाश उजवीकडून येतो, त्यामुळे झाडांच्या लांब सावल्या डावीकडे पडल्या आहेत. वर राखाडी, रिकामं आकाश. माणूस कुठेच नाही.'

एवढंच. अर्धा-पाऊण मिनिट. आधी माप आणि प्रकार, मग एका वाक्यात अख्खं दृश्य, मग खालून वर किंवा डावीकडून उजवीकडे, पण एकदा धरलेली दिशा सोडायची नाही. 'उदास', 'गूढ', 'अप्रतिम' हे शब्द नाहीत. उदास वाटायचं की नाही ते ऐकणारा ठरवेल. लगेच कोणीतरी संजयाचं नाव काढेल, धृतराष्ट्राला युद्ध सांगणारा पहिला वर्णनकार म्हणून. पण मला त्यापेक्षा आकाशवाणीवरचे बाळ ज. पंडित जवळचे वाटतात. त्यांनी मराठीत क्रिकेटचं समालोचन केलं तेव्हा मैदान न बघितलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मैदान उभं राहायचं. चेंडू कुठे गेला हे आधी, शाबासकी नंतर.

वर्णन संपलं की पाच-सात सेकंद शांतता. मग आवाज म्हणतो, 'आता एक पाऊल पुढे या. कमरेपाशी टेबल आहे. दोन्ही हातांनी चौकट शोधा आणि तिच्यातून आत जा.' याच्यापुढे आवाजानं गप्प बसायचं. बोटं शोधत असताना बोलणं म्हणजे सिनेमात शेजारच्यानं शेवट सांगणं.

काय बिघडतं? आधी मीठ. खरं मीठ टेबलावर छान दिसतं, पण पावसाळ्यात पाणी धरतं, ढेकळं होतात आणि बोटांना चिकटतं. त्याऐवजी जाडसर पांढरी रांगोळी चालते, बारीक नको, ती उडते. पण मग आवाजात खरं सांगायचं की फोटोसाठी मीठ वापरतात, इथे रांगोळी आहे. काड्या तुटणारच, रोज दोन-चार. हाताशी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची जुडी ठेवा, खान्देशात त्याची काय कमी. आणि हे टेबल मूळ फोटोंपासून लांब, दुसऱ्या खोलीत, म्हणजे रांगोळीची धूळ त्यांच्यापर्यंत जाणार नाही.

वेळ हाही एक घोटाळा आहे. दिसणारा माणूस तासाभरात शंभर फोटो बघून चहाला जातो. हातानं बघायला एका टेबलाला आठ-दहा मिनिटं लागतात, आणि एका वेळी दोनच माणसं नीट चाचपू शकतात. म्हणून तासाभरात पाच-सहा थांबे पुष्कळ झाले. त्यात दोन टेबलं, एक लाकडाची वस्तू, एक मातीची, एक दगडाची, आणि एक थांबा फक्त ऐकण्याचा.

तुम्ही म्हणाल, आवाज मोबाइलवर द्या, क्यूआर कोड लावा. लावा, पण ज्याला दिसत नाही त्याला तो चौकोन सापडणार कसा? त्याच्या कडेला सुतळी चिकटवा आणि प्रत्येक टेबलावर तो एकाच जागी, उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवा. आवाजाच्या फाइल दारातच डाउनलोड करून घेता आल्या पाहिजेत, आतल्या खोलीत रेंज जाऊ शकते. इअरफोन एकाच कानात, दुसरा कान पावलांच्या आणि माणसांच्या आवाजासाठी मोकळा. ब्रेलही हवं, पण फक्त ब्रेलवर भिस्त नको. मोठेपणी दृष्टी गेलेल्या अनेकांना ते वाचता येत नाही. वर्णन मराठीत तर हवंच, पण अहिराणीतही रेकॉर्ड करा. चाळीसगाव-धुळ्याकडच्या आजीबाईंना 'काय शे' ऐकलं की हात आपोआप पुढे येईल.

हे सगळं बरोबर जमलं का, हे कसं ओळखायचं? इथे संडरलँडचे डीस पुन्हा कामाला येतात. फेरी उघडण्याआधी तीन-चार अंध माणसांना बोलवा, जन्मापासून न दिसणारे आणि नंतर दृष्टी गेलेले, दोन्ही. त्यांना मानधन द्या, हे काम आहे, पाहुणचार नाही. 'आवडलं का?' असं विचारू नका, लोक सभ्यपणे हो म्हणतात. त्याऐवजी फक्त आवाज ऐकवा, आणि मग समोर रिकामा पाट, काड्या आणि रांगोळी ठेवून म्हणा, मांडा बघू. तिन्ही झाडं डावीकडे रोवली गेली, उंच झाड पुढे आलं, तर वर्णन चाललं. झाडं उजवीकडे गेली किंवा एका ओळीत सारखी उभी राहिली, तर त्या माणसाचं ऐकणं चुकलेलं नाही, तुमचं वाक्य चुकलंय. ते वाक्य बदला आणि दुसऱ्या माणसाला ऐकवा.

एका ठिकाणी मात्र टेबल कामाला येत नाही: माणसांचे फोटो. चेहरा मातीत घडवून दिला तरी बोटाला नाक, हनुवटी, सुरकुती कळते. नजर कळत नाही. उठावाच्या चित्रात तर चेहऱ्याचं हमखास कार्टून होतं. तिथे खोटा स्पर्श देण्यापेक्षा फक्त आवाज द्यावा, हे माझं मत. म्हणूनच वर एक थांबा नुसता ऐकण्याचा ठेवलाय. तो खिडकीशी ठेवता येईल. एक खुर्ची, एका चेहऱ्याचं मिनिटभराचं वर्णन, आणि त्यानंतर काहीच नाही. बाहेर स्टेशन आहे. मधेच एखादी गाडी येईल आणि आवाज बुडवून टाकेल, म्हणून रेकॉर्डिंग थांबवायचं बटण मोठं, उठावदार आणि अंगठ्याखाली हवं. गाडी गेली की पुन्हा दाबायचं.